दोन वाटा, आणि लॅपटॉप बंद वाटेनेच जातो

रस्त्याच्या खोदकामात फायबरची तार तुटते आणि घरातले इंटरनेट जाते. भिंतीवरच्या डब्यावर `LOS` लिहिलेला दिवा लाल लुकलुकू लागतो. फायबरमधून येणारा प्रकाश थांबला, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याच वेळी ऑनलाइन शिकवणी चालू असते, किंवा जीएसटीचे विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस असतो. मग घरातले कुणीतरी फोनचा हॉटस्पॉट चालू करते आणि लॅपटॉप त्या वाय-फायला जोडते. लॅपटॉप जोडला गेल्याचे सांगतो, रेंज भरपूर दाखवतो. त्याच हॉटस्पॉटवर जोडलेल्या दुसऱ्या फोनमध्ये सगळे झटपट उघडते. लॅपटॉपवर मात्र पान गोल फिरत राहते आणि शेवटी साइटपर्यंत पोहोचता येत नाही असा संदेश येतो. हॉटस्पॉट बंद-चालू होतो, पासवर्ड पुन्हा टाकला जातो, लॅपटॉप रीस्टार्ट होतो, तरी फरक पडत नाही. या सगळ्या खटपटीत टेबलामागून आलेली लॅनची वायर लॅपटॉपमध्ये तशीच खोचलेली असते.

ती वायर काढली की नेट चालू होते. उपाय एवढाच आहे आणि पुष्कळांना तो अनुभवाने ठाऊकही असतो. पण असे का होते हे समजून घेतले, तर वायर काढून न चालणाऱ्या प्रसंगांतही मार्ग सापडतो. शिवाय लॅपटॉप ज्या विश्वासावर आपला मजकूर बाहेर पाठवतो, तो विश्वास किती थोडक्या माहितीवर उभा असतो, हेही कळते.

लॅपटॉपमधून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट, मग तो ईमेल असो की व्हिडिओ कॉलमधला आवाज, छोट्या पॅकेटांमध्ये तोडली जाते. प्रत्येक पॅकेटवर ते कुठे पोहोचवायचे तो पत्ता असतो. पॅकेट बाहेर टाकण्याआधी लॅपटॉप स्वतःजवळची एक यादी पाहतो. अमुक पत्त्यांसाठी या दाराने जा, तमुक पत्त्यांसाठी त्या दाराने, असे त्या यादीत लिहिलेले असते. तिला राउटिंग टेबल म्हणतात. जगातल्या सगळ्या पत्त्यांची नोंद तीत असणे शक्य नाही. म्हणून एक सरसकट नोंद असते: ज्या पत्त्याबद्दल वेगळे काही लिहिलेले नाही, ते सगळे या गेटवेकडे द्या. गेटवे म्हणजे बहुतेक घरांत राउटरच. या नोंदीला डिफॉल्ट रूट म्हणतात आणि आपण ज्याला इंटरनेट म्हणतो, ती जवळजवळ सगळी ये-जा या एका ओळीच्या भरवशावर चालते.

वायर आणि वाय-फाय दोन्ही जोडलेले असले की अशा सरसकट नोंदी दोन होतात. दोन्ही एकाच वेळी वापरून नेटचा वेग दुप्पट होतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. साधारणपणे लॅपटॉप दोहोंपैकी एकच नोंद निवडतो. निवडीसाठी प्रत्येक नोंदीला एक अंक दिलेला असतो, त्याला मेट्रिक म्हणतात. ज्याचा अंक लहान, त्याचा मान पहिला. विंडोजमध्ये हा अंक आपोआप ठरतो आणि तो ठरतो जोडणीच्या वेगावरून. एक गिगाबिट वेगाच्या वायरला विंडोज १० आणि ११ मध्ये २५ हा अंक मिळतो. वाय-फायला वेगानुसार त्याहून मोठा अंक मिळतो, घरगुती हॉटस्पॉटला सहसा ३५ ते ५५ च्या दरम्यानचा. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्राम हे काम करतो. तो वायरला १०० आणि वाय-फायला ६०० देतो. मॅकमध्ये अंक दिसत नाहीत, पण सेटिंगमध्ये जोडण्यांचा क्रम लावलेला असतो आणि वरची चालू जोडणी जिंकते. तिन्हीकडे कल एकाच बाजूला आहे: वायर आधी, वाय-फाय नंतर. एरवी हा कल योग्यच आहे, कारण वायर स्थिर असते आणि भिंतीआड अडकत नाही.

इथे नीट पाहण्याजोगी गोष्ट ही की अंक ठरतो तो लॅपटॉपपासून राउटरपर्यंतच्या वेगावरून. वायरचा गिगाबिट वेग म्हणजे टेबलापासून राउटरपर्यंतच्या दोन-तीन मीटर तारेचा वेग. राउटरच्या पलीकडे काय चालले आहे, याचा या अंकाशी काहीही संबंध नाही. गावाबाहेरच्या फाट्यावर दोन रस्ते असावेत, त्यातला डांबरी आणि रुंद रस्ता पुढे सात किलोमीटरवर पूल वाहून गेल्याने बंद असावा, आणि फाट्यावरच्या पाटीवर मात्र रस्त्याची रुंदी तेवढी लिहिलेली असावी, तसा हा प्रकार आहे. पाटी वाचून निघालेला प्रत्येक जण रुंद रस्त्यानेच जाणार.

मग वायर बंद पडली हे लॅपटॉपला कधीच कळत नाही का? कळते, पण ती कशी बंद पडली यावर ते अवलंबून असते. वायर उपटली गेली किंवा राउटरचा वीजपुरवठा गेला, तर जोडणीतला विजेचा संकेतच थांबतो. लॅपटॉप त्या दाराच्या सगळ्या नोंदी लगेच काढून टाकतो आणि वाय-फायची नोंद आपोआप एकटी उरते. दुसरा प्रकार असा, की वायर जोडलेली आहे, संकेत येतो आहे, पण पत्ता वाटणारे पलीकडे कुणी नाही. तेव्हा विंडोज आणि मॅक स्वतःच `169.254` ने सुरू होणारा एक कामचलाऊ पत्ता घेतात. त्याच्यासोबत गेटवे येत नाही, त्यामुळे सरसकट नोंदही तयार होत नाही आणि वाय-फायला वाट मोकळी राहते.

त्रास होतो तो तिसऱ्या प्रकारात. राउटर चालू आहे. कदाचित इन्व्हर्टरवर आहे. त्याने लॅपटॉपला नीट पत्ता दिलेला आहे, गेटवे म्हणून स्वतःचे नाव सांगितलेले आहे, काही विचारले तर तो ताबडतोब उत्तर देतो. तुटले आहे ते त्याच्या पुढे, रस्त्याखाली. लॅपटॉपच्या बाजूने पाहिले तर ही वाट धडधाकट आहे. पॅकेट एकामागून एक राउटरच्या हाती जातात आणि तिथेच संपतात. पूर्ण मेलेली जोडणी लॅपटॉप ओळखतो, अर्धी मेलेली ओळखत नाही.

ही त्रुटी आजची नाही. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांनी कसे वागावे याचे नियम आरएफसी ११२२ या दस्तऐवजात एकत्र केले गेले. रॉबर्ट ब्रेडन त्याचे संपादक होते. एका यंत्राला एकाहून अधिक जोडण्या असल्या तर काय करावे आणि गेटवे मेला आहे हे कसे ओळखावे, या दोन्ही प्रश्नांची चर्चा त्यात आहे. तिथे एक सक्त नियम घातलेला आहे: गेटवे जिवंत आहे का हे पाहण्यासाठी त्याला सतत पिंग करत राहायचे नाही. प्रत्येक यंत्र असे विचारत सुटले तर त्याचा भार जाळ्यालाच झेपणार नाही, अशी तेव्हाची रास्त चिंता होती. आणि ही सारी चर्चा पहिल्या गेटवेपुरतीच होती. तो जिवंत असून पुढची वाट तुटली, तर ते शोधणे हे गेटवेंनी आपसात बघायचे काम मानले गेले. घरगुती राउटरला बाहेर जायला एकच तार असते. ती तुटली की त्याच्याजवळ दुसरी वाटच नसते, आणि दुसरी वाट तुमच्या फोनमध्ये आहे हे त्याला माहीत नसते.

आता एक प्रसंग आकड्यांसह पाहू. समजा घरच्या राउटरचा पत्ता `192.168.0.1` आहे आणि वायरवरून लॅपटॉपला `192.168.0.105` हा पत्ता मिळाला आहे. फोनच्या हॉटस्पॉटचा पत्ता `192.168.43.1` आणि वाय-फायवरून मिळालेला पत्ता `192.168.43.57` आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून `route print -4` असे लिहिले की लांबलचक यादी येते. तिच्यातल्या फक्त `0.0.0.0` ने सुरू होणाऱ्या ओळी बघायच्या. त्याच सरसकट नोंदी.

```
Network Destination  Netmask   Gateway        Interface       Metric
0.0.0.0              0.0.0.0   192.168.0.1    192.168.0.105   25
0.0.0.0              0.0.0.0   192.168.43.1   192.168.43.57   50
```

पहिली ओळ वायरची, अंक २५. दुसरी हॉटस्पॉटची, अंक ५०. बाहेर जाणारे सगळे पहिल्या ओळीने जाणार, हे इथेच दिसते. पण वाट मेलेली आहे हे या यादीत कुठेही दिसत नाही. ते पाहायला तीन छोट्या चाचण्या पुरतात.

```
ping 192.168.0.1
ping 8.8.8.8
ping -S 192.168.43.57 8.8.8.8
```

पहिली चाचणी घरच्या राउटरला हाक मारते. उत्तर येते, तेही एखाद्या मिलिसेकंदात. म्हणजे वायर, तिचे कनेक्टर आणि राउटर ठीक आहेत. दुसरी चाचणी बाहेरच्या जगातल्या एका पत्त्याला, गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला, हाक मारते. इथे `Request timed out` असे येते, किंवा राउटर स्वतःच कळवतो की पुढे पोहोचता येत नाही. तिसऱ्या चाचणीत तीच हाक वाय-फायच्या पत्त्यावरून मारायला सांगितले आहे, आणि तिला उत्तर येते. अक्षर `S` मोठे हवे. दुसरी नापास आणि तिसरी पास झाली की निदान पक्के झाले. लिनक्सवर यासाठी `ip route` आणि `ping -I wlp3s0 8.8.8.8` चालते. `wlp3s0` च्या जागी आपल्या वाय-फाय कार्डाचे नाव घालायचे.

एक सावधगिरी. वाय-फाय त्याच घरच्या राउटरचे असेल, तर या सगळ्याला अर्थ नाही. वायर आणि वाय-फाय अशी दोन दारे दिसत असली तरी पुढे तार एकच असते. ती तुटली की दोन्ही बंद. वायर काढून फायदा तेव्हाच, जेव्हा वाय-फायची पुढची वाट वेगळी असते.

या बिघाडाची लक्षणे नेहमी इतकी स्वच्छ नसतात, आणि माणसे गोंधळतात ती तिथे. विंडोज ८ पासून साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याचे काम विंडोज सगळ्या जोडण्यांवर एकदम करू शकते. त्यामुळे साइटचा पत्ता वाय-फायवरून सापडतो आणि प्रत्यक्ष पान मागायला मात्र लॅपटॉप वायरनेच जातो. नाव घालून पिंग केले की समोर पत्ता उमटतो, पण उत्तर येत नाही. पाहणाऱ्याला वाटते की नेट तर आहे, साइटच बंद असणार.

दुसरे लक्षण याहून चकवणारे आहे. इंटरनेटचे पत्ते आज दोन पद्धतींचे आहेत, जुने आयपीव्ही४ आणि नवे आयपीव्ही६. दोन्हींच्या याद्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या असतात. घरच्या वायरवर फक्त जुने पत्ते मिळत असतील आणि मोबाइलच्या जाळ्यावर नवेही मिळत असतील, तर नव्या पद्धतीच्या यादीत सरसकट नोंद एकच असते: हॉटस्पॉटची. मग गूगल, यूट्यूब, फेसबुक यांसारख्या नवे पत्ते वापरणाऱ्या साइट व्यवस्थित उघडतात आणि केवळ जुन्या पत्त्यावर असलेल्या साइट अडकून बसतात. यूट्यूब चालते म्हणजे नेट ठीक आहे, असा निष्कर्ष निघतो आणि दोष भलत्याच साइटवर जातो. अर्ध्या साइट उघडतात आणि अर्ध्या नाहीत, असे दिसले की टेबलामागची वायर आधी आठवावी.

तुमचा फोन हे सगळे टाळतो. अँड्रॉइड फोन नव्या वाय-फायला जोडला गेला की आधी ठरलेल्या एका पत्त्यावर छोटी मागणी पाठवून पाहतो. अपेक्षित उत्तर आले नाही, तर वाय-फाय जोडलेले ठेवूनही आपली ये-जा मोबाइल डेटावरच चालू ठेवतो. अशी तपासणी विंडोजही करते. `www.msftconnecttest.com` या पत्त्यावरची एक छोटी फाइल ती मागून पाहते. फाइल मिळाली नाही की त्या जोडणीखाली `No internet` असे लिहिते. वाट मेली आहे हे विंडोजला समजलेले असते, पण मेट्रिकचा अंक ती बदलत नाही. वायरचा २५ हा २५ च राहतो.

लिनक्सच्या नेटवर्कमॅनेजरने इथे पुढचे पाऊल टाकले आहे. तपासणी चालू असेल आणि वायरवरून बाहेर पोहोचता येत नसेल, तर तो वायरच्या अंकात २०,००० मिळवतो. १०० चे २०,१०० होतात आणि ६०० वाले वाय-फाय पुढे येते. वायर पुन्हा जिवंत झाली की दंड माफ होतो. उबुंटू आणि फेडोरात ही सोय तयार मिळते. ही तपासणी ठरावीक अंतराने होते, मूळ सेटिंगमध्ये दर ३०० सेकंदांनी, त्यामुळे बदल घडायला पाचेक मिनिटे लागू शकतात.

विंडोजनेही हेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. न करण्यामागे एक खरे कारण आहे, हेही मान्य करायला हवे. ज्या वायरवर इंटरनेट नाही ती निरुपयोगी असतेच असे नाही. कचेरीतला फाइल सर्व्हर, दुकानातला बिलिंगचा संगणक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर हे मुद्दाम इंटरनेटपासून दूर ठेवलेले असतात. पण अशा जवळच्या पत्त्यांसाठी यादीत वेगळ्या, नेमक्या नोंदी असतात आणि नेमकी नोंद नेहमी सरसकट नोंदीच्या आधी लागू होते. सरसकट नोंदीचा मान खाली आणला म्हणून त्याच वायरवरचा डीव्हीआर हरवणार नाही. जिथे कचेरीची आतली जाळी अनेक आहेत आणि त्यांच्याकडे जाणे सरसकट नोंदीनेच होते, तिथे मात्र अडचण येईल. अशा जागी व्यवस्थापकाने ती सोय बंद ठेवावी. घरच्या माणसाला तासभर गोंधळात ठेवण्यापेक्षा हे बरे.

चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यांत यंत्रांची देखभाल करणाऱ्यांना या बिघाडाचे दुसरे रूप भेटते. पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा नियंत्रक, वायरने लॅपटॉपला जोडायचा असतो आणि त्याच वेळी वाय-फायवरून माहितीपुस्तिका उघडायची असते किंवा कंपनीच्या तज्ज्ञाशी बोलायचे असते. पीएलसीशी बोलण्यासाठी वायरला हाताने पत्ता द्यावा लागतो. त्या चौकटीत `IP address`, `Subnet mask` आणि `Default gateway` असे तीन रकाने असतात, आणि हात तिसराही भरून टाकतो. तो भरला की बाहेरच्या जगाची सरसकट नोंद पीएलसीच्या वायरवर तयार होते आणि इंटरनेट तिथे अडू शकते. इथे वायर काढता येत नाही, कारण तिच्यासाठीच तर आलेले असतो. उपाय सोपा आहे: तिसरा रकाना रिकामा ठेवायचा. पीएलसी त्याच जाळ्यात असल्याने त्याच्याशी बोलायला गेटवे लागतच नाही.

घरीही वायर न काढता काम भागवायचे असेल, तर मेट्रिक हाताने बदलता येते. पॉवरशेल प्रशासक म्हणून उघडून ही ओळ द्यायची. वाय-फायचा अंक १० होतो आणि तो वायरच्या २५ च्या पुढे जातो.

```
Set-NetIPInterface -InterfaceAlias "Wi-Fi" -InterfaceMetric 10
```

खिडक्यांतून जायचे असेल तर `ncpa.cpl` चालवून वाय-फायच्या `Properties` मध्ये `Internet Protocol Version 4 (TCP/IPv4)`, मग `Advanced`, आणि तिथे `Automatic metric` ची खूण काढून अंक लिहायचा. मॅकवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `Set Service Order` मधून वाय-फाय वर ओढायचे. वाट बदलली की चालू असलेला व्हिडिओ कॉल बहुधा तुटेल किंवा थोडा वेळ थिजेल. प्रत्येक संभाषण लॅपटॉपच्या ज्या पत्त्यावरून सुरू झाले त्याच पत्त्याशी बांधलेले असते, आणि वाट बदलली की पत्ताही बदलतो. कॉलमध्ये पुन्हा शिरावे लागले, तर ते नव्या बिघाडाचे लक्षण समजू नये.

हाताने लिहिलेला अंक लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावरही टिकतो. फायबर दुरुस्त झाले तरी वाय-फायच पुढे राहते, आणि पुढच्या वेळी वायर जोडलेली असताना हॉटस्पॉट चालू राहिला तर सगळे डाउनलोड मोबाइलच्या डेटावरून होतात. म्हणून लाल दिवा विझला की ही ओळ आठवणीने द्या.

```
Set-NetIPInterface -InterfaceAlias "Wi-Fi" -AutomaticMetric Enabled
```